ना, की, रे: लिहिताना बोलल्यासारखं वाटावं म्हणून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाक्याच्या शेवटी ना, की, रे लावलं की नेमकं काय होतं? नुसतं गोड वाटतं एवढंच का?

नाही, गोडव्यासाठी नसतात ते. तिन्ही शब्द समोरच्याबद्दल काहीतरी सांगतात. ना म्हणजे मी धरून चाललोय की तुला हे माहीत आहे किंवा पटतंय. की म्हणजे तुला वेगळं वाटत होतं पण तसं नाहीये, हे तर उघड आहे. आणि रे म्हणजे तू माझा कोण आहेस ते मी इथे बोलून दाखवतोय. म्हणून एकाच्या जागी दुसरा टाकला तर माहिती तीच राहते पण तुमच्या दोघांमधली जागा बदलते.

एक साधं उदाहरण घ्या, समजा कोणी विचारलं, "आईला सांगितलं नाहीस अजून?" आता उत्तरं बघा.

"सांगितलं." झालं, विषय संपला, थोडं कोरडं.
"सांगितलं की." म्हणजे तू समजतोयस तसं नाहीये, मी केलंय काम.
"सांगितलं ना." म्हणजे हे तुला आधी कळलंय, परत का विचारतोस. इथे चिडचिड आहे.
"सांगितलं रे." म्हणजे काळजी करू नको, झालंय सगळं.

चारही वेळा आईला सांगून झालंय, पण विचारणाऱ्याला चारही वेळा वेगळं वाटणार. बोलताना हा फरक आवाजाने पण कळतो, मेसेजमधे आवाज नाही, म्हणून तिथे सगळा भार या एका अक्षरावर येतो आणि तोच चुकीचा पडला की समोरचा विचारतो, एवढं चिडायला काय झालं.

प्रश्न विचारताना "का" लावायचं की "ना"?

तुम्हाला खरंच माहीत नसेल तर का. "शनिवारी येतोस का?" यात हो आणि नाही दोन्हीला जागा आहे. "शनिवारी येतोस ना?" यात तुम्ही हो धरून चालला आहात आणि आता नाही म्हणायचं तर समोरच्याला कारण द्यावं लागणार. जवळच्या माणसाला हे चालतं, उलट त्याला बरं वाटतं की माझं येणं धरलेलंच आहे. पण ऑफिसातल्या नवीन माणसाला "उद्या रविवारी येणार ना कामाला?" असं लिहिलंत तर तो दबाव आहे, तुमच्या मनात असो नसो.

उलटं वाक्य असेल तर भीती येते. "विसरला नाहीस ना?", "गाडी चुकली नाही ना?" इथे तुम्हाला उत्तर "नाही" हवंय आणि मनात धाकधूक आहे. नाशिकरोडला कोणाला घ्यायला उभे आहात आणि फोन लागत नाहीये, तेव्हा हाच प्रश्न जातो, तिथे "गाडी चुकली का?" लिहिलं तर नुसती चौकशी वाटते.

मी विनंती म्हणून "ना" लिहितो आणि लोकांना ती ऑर्डर वाटते किंवा चिडलोय असं वाटतं. का?

कारण आज्ञेच्या वाक्यानंतरचा ना दोन्हीकडे जातो. "थांब ना" म्हणजे लाडीगोडी पण आणि "थांब ना!" म्हणजे वैताग पण. तोंडी बोलताना लाडाचा ना लांबतो आणि वैतागाचा ना तुटक येतो, लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात. उद्गारचिन्ह लावलं की बहुतेक लोक वैताग म्हणूनच वाचतात, त्यामुळे विनंती असेल तर ते चिन्ह काढून टाका, पूर्णविराम किंवा काहीच नको.

आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे शेजारचा शब्द. "जरा", "एकदा", "थोडंसं", "प्लीज" हे ना ला विनंतीकडे खेचतात आणि "आता", "एकदाचं", "किती वेळा" हे वैतागाकडे. "जरा बघ ना" आणि "बघ ना आता" हे दोन्ही मोठ्याने वाचून बघा, दुसऱ्यात आवाज आपोआप चढतो. म्हणजे टोन बदलायचा असेल तर ना ला हात लावायची गरज नाही, त्याच्या आजूबाजूचं बदला.

"की" नक्की कुठे बसतो? मला तो सगळ्यात अवघड जातो.

अवघड आहेच कारण की चार कामं करतो. "तो म्हणाला की येतो" यात दोन वाक्यं जोडतो. "चहा की कॉफी" यात निवड विचारतो. "पाऊस थांबला की निघू" यात जेव्हा-तेव्हा सांगतो. आणि "आहे की!" यात ठासून सांगतो, आपला विषय हा चौथा. वाचणाऱ्याचा डोळा की दिसला की आधी पहिली तीन कामं शोधतो, पुढे काहीतरी येणार अशी वाट बघतो, आणि पुढे काहीच नसलं की अडखळतो.

नाशिककरांना लगेच कळेल असं उदाहरण देतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलंय यावरून आपण पुराचा अंदाज घेतो. आता कोणी मेसेज टाकला, "दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की". हे अर्धवट वाक्य आहे असंच वाटतं, लागलं की काय करायचं? दुकानं हलवायची? लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की अरे, बघता बघता लागलं पण. मग त्याने "अरे, कमरेला पाणी लागलं की!" लिहायला हवं होतं. सुरुवातीच्या "अरे" ने आश्चर्य आधीच सांगितलं जातं, शेवटच्या चिन्हाने वाक्य बंद होतं, आणि मग पुढचं वाक्य नवीन ओळीत.

म्हणून ठासायचा की लिहिलात तर तिथे वाक्य संपवाच, स्वल्पविराम देऊन पुढे जाऊ नका. "मी म्हटलं की, येतो" आणि "मी म्हटलं की! येतो." यात पहिल्यात नुसती बातमी आहे, दुसऱ्यात "मी बोललो होतो आणि तू ऐकलं नाहीस" असं आहे.

दुसरी अट म्हणजे की ला खोडायला काहीतरी लागतं. समोरच्याने शंका घेतलेली असावी, किंवा विसरलेला असावा, किंवा निदान मनात शंका असेल असं दिसत असावं. कोणी काही विचारलेलं नसताना, विषयाची सुरुवातच "आमच्याकडे मिसळ छान मिळते की!" अशी केली तर वाचणारा मागे वळून बघतो, कोण नाही म्हणालं? आधी कोणी "नाशिकला खायला काय मिळतं?" असं म्हटलेलं असेल तर तेच वाक्य एकदम फिट बसतं.

स्पेलिंग काय? न, नं, ना, कि, की सगळंच दिसतं.

की दीर्घच. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपासून शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा आहे आणि त्याला "आणि", "नि" आणि "तथापि" सारखी संस्कृत अव्ययं एवढेच अपवाद आहेत, "कि" त्यात येत नाही. अर्थ बदलत नाही, पण चुकीचं ते चुकीचं.

ना आणि नं दोन्ही चालतात, नं मधे उच्चार आखूड आणि मऊ येतो, तुमच्या कानाला जे खरं वाटतं ते घ्या फक्त एका लिखाणात एकच ठेवा. नुसता "न" मात्र लिहू नका, आणि हे मी आग्रहाने सांगतो कारण यात खरोखर गोंधळ होतो. "आपण करू न" हे फोनवर घाईत वाचताना "आपण करून" होतं आणि वाचणारा पुढची क्रिया शोधत बसतो, करून काय? "जाऊ न" चं "जाऊन", "घेऊ न" चं "घेऊन", तसंच. "करू ना", "जाऊ ना" लिहिलं की प्रश्न मिटतो.

आणि ना नेहमी सुटा लिहा. "येना" जोडून लिहिलं तर ते "येईना" सारखं वाचलं जातं, म्हणजे कितीही बोलवा तो येतच नाही, आणि तुम्हाला म्हणायचं होतं "ये ना", म्हणजे अगदी उलटं. "देना", "जाना" जोडले तर ते हिंदी होतात. ना च्या आधी स्वल्पविराम पण नको, "येणार, ना?" असं आपण थांबून बोलत नाही.

"रे" कोणाला लावायचा? बाईला, मोठ्या माणसाला, ग्रुपला?

रे ऐकणाऱ्यावरून ठरतो, बोलणाऱ्यावरून नाही. अरे-तुरेतला पुरुष असेल तर रे, अगं-तुगंतली बाई असेल तर गं, आणि अहो-जाहोमधलं कोणीही असेल तर हो. आजी वयाने कितीही मोठी असली तरी "सांग ना गं आजी" कारण तिला आपण तू म्हणतो. वडिलांना कोणाच्या घरात तू म्हणतात आणि कोणाच्या घरात तुम्ही, त्याप्रमाणे "चल ना रे बाबा" किंवा "चला ना हो बाबा". कथेत हे एकदा ठरवलं की पाळा, एका पानावर बाबांना रे आणि पुढच्या पानावर हो आला तर वाचणाऱ्याला वाटतं मधे काहीतरी बिनसलं.

क्रियापद आणि रे यांचं जमलं पाहिजे. "सर, सांगा ना रे" हे कोणी बोलत नाही. "या रे" मात्र आहे, पण तो अनेक मुलांना किंवा मित्रांना, "या रे सगळे", एका काकांना नाही. काकांना "या हो काका" किंवा नुसतं "या ना काका".

नाशिकच्या कॉलेजरोडवर हल्ली मुली एकमेकींना सरळ "अरे यार" म्हणतात, म्हणजे सुरुवातीचा अरे बराच मोकळा झालाय, कोणालाही चालतो. शेवटचा रे तितका मोकळा झालेला नाही असं माझं ऐकणं आहे, मैत्रिणीला "ऐक ना गं" हेच जास्त कानावर येतं.

आणि वाचणारा कोण आहे तेच माहीत नसेल, म्हणजे तुम्ही सगळ्यांसाठी काही लिहिताय, तर रे आणि गं दोन्ही टाळा. ना मधे स्त्री-पुरुष नाही, तू-तुम्ही नाही, "आठवतंय ना?" कोणालाही लागू पडतं. म्हणून अनोळखी वाचकाशी बोलायला ना सगळ्यात उपयोगी.

"बाप रे" आणि "अरेरे" हे वेगळे, ते कोणाला उद्देशून नसतात, बायकांशी बोलताना पण "बाप रे" च.

दोन एकत्र लावले तर क्रम काय?

नातं सांगणारा शब्द शेवटी. "ये ना रे", "सांग ना गं", "बस की रे", "बघा ना हो". उलटं केलं, "ये रे ना", तर कानाला खटकतं. तीन एकत्र कधीच नको. आणि "आहे की ना?" हे एकत्र लावणं नाही, तिथे की निवडीचा आहे, आहे किंवा नाही असा.

एखादा पूर्ण मेसेज घेऊन दाखवा ना, कुठे काय लावायचं ते.

समजा नाशिकचा एक मुलगा पुण्यातल्या मामेभावाला रंगपंचमीला बोलावतोय. आपल्याकडे रंग धुळवडीपेक्षा रंगपंचमीला जास्त आणि जुन्या नाशकात त्या दिवशी रहाडी उघडतात, जमिनीखालचे दगडी हौद, एरवी बुजवलेले असतात, त्यात रंगाच्या पाण्यात उडी म्हणजे धप्पा मारायचा. पहिला मसुदा असा:

"यंदा रंगपंचमीला नाशिकला ये. मागच्या वर्षी तू आला नाहीस. तिवंध्याची रहाड उघडणार आहे. राहायची सोय आमच्याकडे आहे. सुट्टी नसेल तर सकाळी येऊन रात्री परत जा."

सगळी माहिती आहे, पण नोटीस वाटते. आता याला "बोलल्यासारखं" करायचं म्हणून बरेच जण असं करतात:

"यंदा रंगपंचमीला नाशिकला ये ना रे. मागच्या वर्षी तू आला नाहीस ना रे. तिवंध्याची रहाड उघडणार आहे ना. राहायची सोय आहे की रे आमच्याकडे. सुट्टी नसेल ना तर सकाळी येऊन रात्री परत जा की रे."

हे पहिल्यापेक्षा वाईट झालंय. प्रत्येक वाक्य त्याच सुरात संपतं त्यामुळे कुठल्याच शब्दाला वजन नाही. शिवाय अर्थ पण बिघडलेत. "आला नाहीस ना रे" हा टोमणा झाला. "उघडणार आहे ना" मधे भावाला ते आधीच माहीत आहे असं धरलंय, पण त्याला कुठून माहीत असणार, ही तर बातमी आहे. "परत जा की रे" म्हणजे त्याला घालवायची घाई झाल्यासारखं.

मी असं लिहीन:

"यंदा रंगपंचमीला नाशिकला ये ना. मागच्या वर्षी आला नाहीस. तिवंध्याची रहाड उघडणार आहे, धप्पा मारू. राहायचं काय विचारतोस, घर आहे की आपलं! सुट्टी नसेल तर सकाळी येऊन रात्री परत जा, पण ये रे."

पाच वाक्यांत तीनच जागा. पहिल्या वाक्यात ना, कारण ती विनंती आहे. दुसरं कोरं ठेवलं कारण तक्रार कोरी असली की टोमणा होत नाही, नुसती खंत राहते, आणि "तू" पण काढला, तो बोट दाखवल्यासारखा होता. तिसरं कोरं कारण ती नवीन माहिती आहे. चौथ्यात की बसतो कारण "राहायचं काय" म्हणून भावाच्या मनातली शंका आपणच आधी मांडली आणि मग ती खोडली. रे सगळ्यात शेवटी एकदाच, बाकी सगळं संपल्यावर फक्त दोघांचं नातं उरतं तिथे.

आता हाच मेसेज मावशीला पाठवायचा तर "ये ना" तसंच राहील, "आला नाहीस" चं "आली नाहीस" आणि "विचारतोस" चं "विचारतेस" होईल, शेवटी "पण ये गं मावशी". काकांना पाठवायचा असेल आणि तुमच्यात अहो-जाहो असेल तर "या ना काका", "आला नाहीत", "राहायचं काय विचारता, घर आहे की आपलं!", शेवटी "पण या हो". म्हणजे ना आणि की कुठेच बदलले नाहीत, रे चं मात्र दर वेळी बदललं. कोणता शब्द विषयाला चिकटलेला आहे आणि कोणता माणसाला ते यातून दिसतं.

वाक्याच्या मधे येणारा ना लिहायचा का? "काल ना मी ना रविवार कारंजाला गेले होते ना..."

एखाद्या पात्राचा आवाज दाखवायचा असेल तर जरूर, लहान मुलं आणि धापा टाकत गोष्ट सांगणारी माणसं असंच बोलतात. पण या वाक्यातले तिन्ही ना सारखे नाहीत. पहिले दोन श्वास घेण्यासाठी आहेत आणि ऐकणाऱ्याला धरून ठेवण्यासाठी, ते लिहिताना एक ठेवा, दुसरा काढा. तिसरा, "गेले होते ना, तर", हा कामाचा आहे, तो म्हणतो की इथपर्यंतचं तुला समजलं असं धरते, आता खरी गोष्ट सुरू. त्याच्यानंतर स्वल्पविराम हवाच, आणि पुढे खरंच काहीतरी घडलं पाहिजे. गेले होते ना, तर... भाजी घेतली आणि आले, असं झालं की वाचणारा नाराज होतो.

नाशिकचा आवाज हवा असेल तर काही वेगळं?

आग्रहाच्या ठिकाणी ना घ्या. "या की", "बसा की", "घ्या की" असं लिहिलं की मराठी वाचकाच्या कानात कोल्हापूर-सातारा वाजतं, तिकडे हा की फार गोड आणि सारखा येतो. नाशिकच्या घरात माझ्या कानावर जास्त "या ना", "बसा ना", "घ्या ना" पडतं. उत्तरातला की, "आहे की", "केलं की", मात्र इकडेही सर्रास आहे. पात्र मालेगाव, सटाणा, कळवण बाजूचं असेल तर तिथे अहिराणी आहे, तिचे स्वतःचे शब्द आहेत, "माय वं" मधला वं बाईला हाक मारायचा. ती बोली येत असेल तरच लिहा, प्रमाण मराठी वाक्याच्या शेवटी एक वं चिकटवून ते पात्र सटाण्याचं होत नाही.

किती वापरले म्हणजे जास्त?

आकडा नाही सांगता येणार पण एक तपासणी आहे. लिहून झालं की प्रत्येक ना, की, रे वर बोट ठेवा आणि तो काढून वाक्य वाचा. समोरच्याला वेगळं वाटेल का? वाटणार असेल तर ठेवा. काहीच फरक पडत नसेल तर तो सवयीने आलाय, काढा. मग सलग तीन वाक्यं एकाच अक्षराने संपतायत का ते बघा, संपत असतील तर मधल्याचं काढा.

अर्ज, बातमी, ऑफिसचा ईमेल?

अर्जात आणि बातमीत नाही, फक्त बातमीत कोणाचं बोलणं अवतरणात देत असाल तर त्याचे शब्द त्याचेच ठेवा. ओळखीच्या सहकाऱ्याला ईमेलमधे "जमेल ना?" चालतं, ग्राहकाला "जमेल का?" बरं.

"नाऽऽ" किंवा "नाआआआ" असं लांबवलेलं चालतं का?

मेसेजमधे चालतं, आणि वर सांगितलेला विनंती-वैतागाचा घोळ त्याने बराच मिटतो कारण लांबलेला ना वैतागाचा क्वचितच असतो. कथेत अवग्रह लावून "नाऽ" एकदा पुरे, आणि तोही फक्त लाडात असलेल्या पात्राच्या तोंडी. की लांबवू नका, "कीऽऽ" हा गोष्ट सांगणाऱ्याचा "मग काय झालं कीऽऽ" वाला आहे, तिथे पुढे काहीतरी यायचं असतं, ठासायचा की तुटकच येतो.